ओ की भोपळा?

आमच्या सोसायटीचं रंगकाम झालं आणि चक्क पैसे उरले. घरटी ६१० रुपये परत द्यायचे ठरलं आणि खजिनदार म्हणून ते काम माझ्याकडे आलं. चोवीस घरांकडून खाते क्रमांक आणि आयएफएससी कोड मागवला. तेवीस घरांचे पैसे तासाभरात गेले. उरले दुसऱ्या मजल्यावरचे ओककाका. त्यांचा कोड मी तीनदा टाकला आणि तीनदा स्क्रीनवर लाल अक्षरं आली. शेवटी फोन केला.

"काका, कोड एकेक अक्षर सांगा. पाचवं अक्षर काय?"

"ओ."

मला वाटलं त्यांना प्रश्न ऐकू आला नाही, नुसती हाकेला ओ दिली. मी आवाज चढवला. "काका, पाचवं अक्षर!"

"ओ!" काकांनीही चढवला.

"अहो, तुम्हालाच विचारतोय!"

"आणि मीही तेच सांगतोय, ओ!"

इथे काकूंनी फोन घेतला. "भोपळा आहे हो तिथे," त्या म्हणाल्या. "यांना चष्मा लावायला नको असतो."

"भोपळा कसला? गोल आहे, ओ आहे," मागून काका.

"भोपळाही गोलच असतो."

या वादात मी पडलो नाही. पण फोन ठेवल्यावर मला आनंदीबाईंची आठवण झाली. नारायणराव पेशव्यांना धरावे, असं पत्रात लिहिलं होतं आणि बाईंनी ध चा मा केला, अशी आख्यायिका आहे. १७७३ साली शनिवारवाड्यात पुढे काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे. पण ध आणि मा यांच्यात दिसायला काही साम्य नाही, हे लक्षात घ्या. ध चा मा करायला शाई, बोरू आणि वाईट हेतू लागतो. शून्याचा ओ करायला काहीच लागत नाही. तो मुळातच झालेला असतो.

दुसऱ्या दिवशी मी बँकेत गेलो. काउंटरवरच्या बाईंनी माझा कागद बघितलासुद्धा नाही. "पाचवं अक्षर शून्य टाका," एवढंच म्हणाल्या. मी म्हटलं, तुम्ही कागद न बघता कसं सांगता? त्या म्हणाल्या, "बघायचं कशाला? कुठल्याही बँकेचा असू दे, पाचवं शून्यच असतं."

मला हे वाक्य फार आवडलं. आयुष्यभर मी समजत होतो की ओ आणि शून्य ओळखणं हे डोळ्यांचं काम आहे. भिंगाने बघायचं, उजेडात धरायचं, लांबट आहे की वाटोळं ते ठरवायचं. बाईंना डोळ्यांची गरजच नव्हती, त्यांना घर माहीत होतं. आयएफएससी कोड अकरा घरांचा असतो. पहिली चार घरं बँकेच्या नावाची, तिथे फक्त अक्षरं. शेवटची सहा घरं शाखेची. आणि मधलं, पाचवं, कायम शून्य. त्या शून्याला आज अर्थ काहीच नाही, पुढेमागे लागलं तर असावं म्हणून ती जागा राखून ठेवली आहे. थोडक्यात, रिझर्व्ह बँकेने एसटीच्या खिडकीतून सीटवर रुमाल टाकून ठेवलाय. रुमाल कोणाचा, माणूस कधी येणार, कुणी विचारू नये. आपण फक्त रुमाल आहे एवढं लक्षात ठेवायचं.

हे कळल्यावर मी घरी येऊन जमतील तेवढी चेकबुकं काढून बसलो. इंडियन ओव्हरसीज बँकेचा कोड सुरू होतो तो असा: `IOBA0`. पाच घरांत एक आय, एक ओ आणि एक शून्य! नियम माहीत नसलेला माणूस यात एक शून्य बी ए ओ असंही वाचेल आणि त्याला दोष देता येणार नाही. बँक ऑफ बडोदाचं प्रकरण आणखी मजेदार आहे. त्यांच्या बऱ्याच शाखांच्या शेवटच्या सहा घरांतही आकडे नसतात, अक्षरंच असतात. म्हणजे दहा अक्षरांच्या घोळक्यात एकटं शून्य उभं. पुरुषांच्या लायनीत चुकून उभ्या राहिलेल्या बाईकडे लोक वळून बघतात, इथे उलट होतं. आजूबाजूला सगळी अक्षरं दिसल्यामुळे डोळा त्या शून्यालाही अक्षर समजून पुढे जातो. म्हणून ती बँक चेकवर कोडाच्या शेजारी कंसात छापते की पाचवं अक्षर शून्य आहे. ही तळटीप छापण्यापूर्वी किती काका-काकूंचे संसार पणाला लागले असतील, कल्पना करा.

आता बरं की या चुकीने पैसे भलत्याच्या खात्यात जात नाहीत. पाचव्या घरात ओ असलेली शाखा देशात नसल्यामुळे संगणक नुसता हात जोडतो. त्याला आपल्यासारखा मोह होत नाही. आपल्याला दोन वर्तुळं दिसतात, त्याला दोन आकडे दिसतात. इंग्रजी शून्य त्याच्या लेखी ४८ नंबरचं चिन्ह, मोठा ओ ७९ नंबरचा. त्यांच्यात एकतीस घरांचं अंतर आहे. ते दिसायला सारखे आहेत ही बातमी त्याच्यापर्यंत कधी पोचलेलीच नाही.

मी काकूंना निरोप दिला की शून्य टाकून कोड पुन्हा पाठवा. त्यांनी पाठवला, मी तो उचलून जसाच्या तसा चिकटवला. लाल अक्षरं. मी चष्मा पुसला. शून्य होतं, स्पष्ट होतं, पाचव्या घरात होतं. पाच मिनिटांनी उजेड पडला. काकूंच्या फोनवर मराठी कीबोर्ड होता, त्यांनी मराठी शून्य टाकलं होतं. दिसायला तेही वर्तुळच, पण संगणकाच्या वहीत त्याचा नंबर २४०६. म्हणजे भारतात आता एका भोपळ्याला तीन दावेदार आहेत. मी ते खोडून स्वतःच्या हाताने शून्य टाकलं तेव्हा कुठे संगणकाने मान हलवली.

पण काकांचे पैसे अजून गेले नव्हते. आमच्या ऑडिटरना प्रत्येकाचा पॅन नंबरही हवा होता. ६१० रुपयांसाठी पॅन कशाला, असा प्रश्न ऑडिटरना विचारायचा नसतो. काकांनी पॅन लिहून दिला. मधला भाग असा दिसत होता: `PO0010`. बाकीचा मी इथे देत नाही, काका वकिलाकडे जातील. पण एवढ्यावरूनही माझी अवस्था कळेल. चार वर्तुळं, आणि त्यांच्यामध्ये खांबासारखा एक आकडा.

यावेळी मात्र मी डोळे मिटून घेतले आणि घरं मोजली. पॅनची दहा घरं. पहिली पाच अक्षरांची, पुढची चार आकड्यांची, शेवटचं पुन्हा अक्षर. पहिली तीन अक्षरं नुसती क्रमाने येणारी, त्यांना अर्थ नाही. चौथं अक्षर तुम्ही कोण ते सांगतं: माणूस असाल तर पी, कंपनी असाल तर सी, हिंदू अविभक्त कुटुंब असाल तर एच. (आपण माणूस आहोत याचा सरकारी पुरावा कुठे मिळेल या चिंतेत असणाऱ्यांनी आपलं चौथं अक्षर बघावं.) पाचवं अक्षर आडनावाचं पहिलं. काका ओक, तेव्हा पाचव्या घरात ओ. आणि सहाव्या घरापासून आकडे सुरू, म्हणून लगेच पुढचं वर्तुळ शून्य. त्याच्या पुढचंही शून्य. मग एक, मग पुन्हा शून्य. पी, ओ, शून्य, शून्य, एक, शून्य. सहाव्या आणि सातव्या घरात ओ असणं शक्य नाही आणि पाचव्यात शून्य असणं शक्य नाही. ओ आणि शून्य शेजारी शेजारी राहतात, भिंतीला भिंत लागून, पण एकमेकांच्या घरात जायची सोय नाही.

काकूंचा पॅन त्यांच्यावर वरताण निघाला. काकू कागदोपत्री अजून इनामदारच आहेत. म्हणजे पाचव्या घरात आय. आणि त्यांच्या आकड्यांची सुरुवात एकाने होते. छापलेल्या कार्डावर आय आणि एक असे दोन दांडके शेजारी उभे. एका घरात ओ आणि शून्य, दुसऱ्यात आय आणि एक. शून्य आणि एक यांच्या या संसारातून जन्मलेला मुलगा संगणक अभियंता झाला नसता तरच नवल.

हा मुलगा, म्हणजे आमचा बंड्या, शून्य लिहिताना त्यातून तिरपी रेघ मारतो. त्याच्या धंद्यात तशी पद्धत आहे, रेघ दिसली की शून्य. उपाय चांगला वाटतो, पण तो ज्याला ठाऊक आहे त्याच्यासाठीच. बंड्याने लिहिलेला खाते क्रमांक काकांनी वाचला आणि म्हणाले, "इतकी खाडाखोड कशाला? नवीन कागद घ्यायचा." शिवाय ही रेघ सगळ्या जगाची एकमताने ठरलेलीही नाही. जुन्या काळी काही मोठ्या संगणकांच्या दुनियेत उलटा रिवाज होता, तिथे रेघ ओला असायची आणि शून्य कोरं. डेन्मार्क आणि नॉर्वेत तर रेघ मारलेला ओ हे वर्णमालेतलं वेगळंच अक्षर आहे. तिथल्या माणसाला बंड्याचा फोन नंबर वाचताना कसं वाटेल, याचा विचार करवत नाही. म्हणून काही ठिकाणी शून्याच्या पोटात रेघेऐवजी ठिपका देतात. मला तो जास्त सभ्य वाटतो. शून्य चुकलंय असं दिसत नाही, त्याने नुसती बेंबी दाखवल्यासारखं वाटतं.

या गोंधळाची मुळं शोधायला मला लांब जावं लागलं नाही. मावशी आहे. तिने तरुणपणी टायपिंगच्या क्लासमध्ये चाळीसचा स्पीड काढला होता. ती ज्या इंग्रजी यंत्रावर शिकली त्यावर एकाचं बटणच नव्हतं. पुष्कळ जुन्या टाइपरायटरांवर नसे. छोटा एल दाबला की कागदावर एक दिसतो, मग वेगळं बटण कशाला बनवायचं? काही यंत्रांवर शून्यही नसे, मोठा ओ दाबायचा. कागदाला चालत होतं, वाचणाऱ्याला चालत होतं, साहेब सही करत होते. मावशी आज मोबाइलवर ओटीपी टाकताना अजून बोटाच्या सवयीने एल शोधते. "आमच्या वेळी एकच बटण दोघांना पुरायचं," असं ती म्हणते तेव्हा ती बटणाबद्दल बोलतेय की माझ्या आणि मावसभावाच्या स्वेटरबद्दल, हे समजत नाही.

खरा गुरू मात्र मला आरटीओबाहेर भेटला. गेल्या वर्षी मी स्कूटर विकली. कागद करून देणारा एजंट तिथे टपरीजवळ उभा असतो, त्याच्या खिशात एक बोथट पेन्सिल आणि सेलोटेप. त्याने स्कूटरवर कोरलेल्या चासी नंबरावर कागद धरला, पेन्सिल आडवी घासली आणि नंबराचा छाप उमटवला. मग तो छाप आरसी बुकाशी ताडून बघितला, ते जुळलं. विम्याच्या पॉलिसीशी ताडला आणि मान हलवली.

"साहेब, हे चालणार नाही. पॉलिसीत ओ मारलाय."

मी छाप बघितला. मलाही ओच वाटला. कोरीव नंबर बारीक ठिपक्या-ठिपक्यांनी काढलेला, त्यावर दहा वर्षांचं वंगण, त्यातून उमटलेलं वर्तुळ. ओ की शून्य, हे ब्रह्मदेवालाही सांगता आलं नसतं.

"कशावरून ओ नाही?"

"चासीत ओ नसतो," तो म्हणाला आणि पेन्सिल कानावर ठेवली.

त्याला कारण माहीत नव्हतं, पण तो शंभर टक्के बरोबर होता. गाडीचा चासी नंबर सतरा घरांचा असतो आणि त्याच्या आंतरराष्ट्रीय नियमात तीन अक्षरांना बंदी आहे: आय, ओ आणि क्यू. ती एक आणि शून्यासारखी दिसतात म्हणून त्यांना वर्णमालेतून वाळीतच टाकलं. म्हणून चासी नंबरात गोल दिसलं की शून्य म्हणायचं, दांडा दिसला की एक. विचार करायचाच नाही. पॉलिसी टाइप करणाऱ्या कुणीतरी विचार केला होता, त्यामुळे मला दुरुस्तीचा अर्ज, आरसीची झेरॉक्स आणि तो पेन्सिलीचा छाप घेऊन आठ दिवस हिंडावं लागलं.

बंदीनेही सगळं मिटत नाही, हे मी एजंटला मुद्दाम ऐकवलं. पाच आणि एस, आठ आणि बी, दोन आणि झेड या जोड्या चासीत राजरोस फिरतात, कारण एस, बी आणि झेडला बंदी नाही. त्यावर त्याचं उत्तर होतं, "शेपटीला आकडेच असतात." तेही खरं आहे, शेवटची चार घरं आकड्यांची असतात. तिथे एस दिसला तर तो पाचच. अडचण डोक्याच्या आणि मधल्या भागात येते, तिथे आरसीला विचारण्यावाचून गत्यंतर नाही.

गाडीच्या नंबरप्लेटवरही हीच शहाणीव आहे. आपल्याकडे MH 12 नंतर जी अक्षरांची मालिका येते, तिच्यात आय आणि ओ घेत नाहीत. ज्या कचेरीच्या स्वतःच्या नावात ओ आहे, तिने नंबरातून ओ हद्दपार करावा, हा मला फार मोठा त्याग वाटतो. पण सरकारने आकडा आणि अक्षर यांच्यात इतकी भिंत बांधावी आणि आपल्या लोकांनी तिला भोक पाडायला जादा पैसे मोजावेत! ८०५५ हा नंबर लोक हौसेने घेतात, कारण इंग्रजीत `8055` जरा वळवून रंगवला की बॉस वाचता येतं. ४१४१ घेतात आणि आकड्यांना वळण देऊन त्याचं दादा करतात. नंबर वाचता येऊ नये म्हणून फी भरणारा समाज जगात दुसरा असेल तर मला दाखवा. त्यात दादांच्या गाडीने सिग्नल तोडला की कॅमेऱ्याने नेमकं काय लिहून घ्यायचं?

एवढ्या ज्ञानानंतर मी सोसायटीत तज्ज्ञ म्हणून ओळखला जाऊ लागलो आणि तज्ज्ञाचं होतं तेच माझं झालं. काकांकडे नवीन वायफाय आलं. पासवर्ड डबीच्या बुडाशी, मुंगीएवढ्या अक्षरांत. बारा चिन्हं, त्यातली तीन गोल. बंड्या पुण्याबाहेर. इथे घरांचा नियम चालेना. पासवर्डला घरं नसतात, त्यात कुठेही काहीही बसतं. तीन गोलांपैकी प्रत्येक ओ किंवा शून्य, म्हणजे दोन गुणिले दोन गुणिले दोन, आठ प्रयत्न. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यात दोन दांडकेही होते. प्रत्येक दांडका एक, मोठा आय किंवा छोटा एल, म्हणजे आठाचे बहात्तर झाले. काका म्हणाले, "करा सुरू, मी चहा टाकतो."

मी सुरू केले नाहीत. डबीच्या त्याच चिठ्ठीवर आणखी एक ओळ होती, मॅक अ‍ॅड्रेस असं लिहिलेली, दोन दोन चिन्हांच्या सहा जोड्या. ती ओळ सोळा चिन्हांतच लिहितात, शून्य ते नऊ आणि ए ते एफ. ओ तिथे येऊच शकत नाही आणि आय किंवा एलही नाही. म्हणजे त्या ओळीत जो गोल दिसेल तो शंभर नंबरी शून्य, आणि जो दांडा दिसेल तो एक. त्याच चिठ्ठीवर, त्याच छपाईत, त्याच मुंगीच्या आकारात! चोराची ओळख परेड घ्यायची तर शेजारी एक ओळखीचा माणूस उभा करावा, तसं ते शून्य मी शेजारी धरलं. मोबाइलने फोटो काढून मोठा केला. मॅकमधलं शून्य उभट, अंड्यासारखं. पासवर्डातले दोन गोल तसेच उभट, तिसरा मात्र खांद्याला रुंद, पुरीसारखा फुगलेला. तो ओ. दांडक्यांचीही अशीच ओळख पटवली: मॅकमधल्या एकाला कपाळावर बारीक झुलूप होतं, पासवर्डातल्या एका दांड्याला होतं, दुसऱ्याला नव्हतं. ज्याला नव्हतं तो मोठा आय की छोटा एल एवढाच प्रश्न उरला. बहात्तराचे दोन झाले. पहिला चुकला, दुसरा लागला. चहा अजून उकळला नव्हता.

काकांना याचं विशेष काही वाटलं नाही. "मग पासवर्डात असली अक्षरं घालतात कशाला?" ते म्हणाले. प्रश्न रास्त होता. घालू नये असं कळलेले लोक आहेत. विंडोजच्या पंचवीस चिन्हांच्या किल्ल्या आठवत असतील. त्यांच्यात शून्यही नसे आणि ओही नसे, एक, आय, एल काहीच नसे. भांडणाऱ्या दोन्ही पोरांना वर्गाबाहेर काढणाऱ्या जुन्या मास्तरांची ती पद्धत. डबीच्या कारखान्यात तसले मास्तर नसावेत.

६१० रुपये शेवटी गेले. मी काकांना मेसेज केला की पैसे जमा झालेत, बघून कळवा. दोन मिनिटांत उत्तर आलं: `0K`. त्यातला गोल मला जरा उभट वाटला. मी तो उचलून दुसरीकडे चिकटवला आणि तपासला. अठ्ठेचाळीस नंबरचाच होता.